सिझरचा टाका आणि तीन रकाने : थिसिसच्या नोंदवहीतून

११ जून

विषय ठरला. आमच्या रुग्णालयातल्या सिझेरियनच्या काळजीचा दर्जा, आणि मोजमाप डोनाबेडियनच्या चौकटीत. एव्हेडिस डोनाबेडियन मूळचे बैरुतचे, पुढे मिशिगन विद्यापीठात शिकवत होते. १९६६ साली त्यांनी मांडलं की वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन ठिकाणांहून पाहता येतो : काय उपलब्ध आहे (रचना), प्रत्यक्षात काय केलं जातं (प्रक्रिया) आणि रुग्णाचं शेवटी काय झालं (निष्पत्ती). वॉर्डात मात्र सगळे स्ट्रक्चर, प्रोसेस, आउटकम असंच म्हणतात, आणि मीही तोंडाने तेच म्हणते.

आज गाईड मॅडमना निर्देशकांची यादी दाखवली. एकूण ६४. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, हे राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं पुस्तक पुन्हा टाइप केलंयस तू. ६४ गोष्टी कुणीही मोजेल. एकीमुळे दुसरी घडते हे तू कुठे दाखवणार आहेस?"

संध्याकाळी बसून यादी छाटली. आता एकच साखळी उरलीय. चिरा देण्याआधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन वेळेवर मिळालं का, ते मिळावं अशी व्यवस्था होती का, आणि तीस दिवसांत टाका पिकला का. बाकीचं सगळं परिशिष्टात.

१९ जून

रकान्यात काय टाकायचं यावर तीन दिवस गेले. सेफ्टी चेकलिस्टचा छापील कागद थिएटरमध्ये आहे, ही रचना. तो कागद चिरा देण्याआधी मोठ्याने वाचला गेला, ही प्रक्रिया. केस काढायला क्लिपर आहे ही रचना, आणि तो असूनही मावशींनी ब्लेड वापरलं ही प्रक्रिया. इथवर ठीक. हिमोग्लोबिनपाशी अडले. अ‍ॅनिमिया असलेली बाई आली तर तिची जखम भरायला वेळ लागतो, म्हणून मी हिमोग्लोबिन 'रचना' खाली लिहिलं होतं. मॅडमनी खोडलं. बाई दारातून आत येताना जे घेऊन येते, ती रुग्णालयाची रचना नव्हे. वय, वजन, साखर, पाणी किती तास आधी गेलं, आतून किती वेळा तपासलं, या सगळ्यांसाठी चौथा रकाना केला. 'आधीपासूनचं' असं त्याचं नाव ठेवलंय. डोनाबेडियनच्या तीन शब्दांत हा रकाना नाही, पण तो नसेल तर चांगल्या कामाला वाईट गुण पडतात.

दुसरी अडचण जास्त खोल निघाली. माझा अभ्यास एकाच रुग्णालयात आहे. इथे थिएटर एकच, स्टोअर एकच, प्रोटोकॉल एकच. मग प्रत्येक बाईसाठी 'रचना' सारखीच असणार. जे बदलतच नाही, त्याचा परिणाम दाखवायचा कसा? अभ्यासाच्या आरंभी एकदा पाहणीचा तक्ता भरून गुण द्यायचे आणि पुढे दोनशे बायकांचे निकाल लावायचे, असे थिसिस मी लायब्ररीत पाहिलेत. त्यात पहिल्या प्रकरणाचा तिसऱ्याशी काही संबंध नसतो.

उपाय असा काढला की रचना रोज मोजायची. त्या पाळीत थिएटरची दोन्ही टेबलं चालू होती की एकच? त्या दिवशी थिएटरच्या ट्रेमध्ये सेफाझोलिन, म्हणजे चिऱ्याआधी द्यायचं ते अँटिबायोटिक, होतं की नव्हतं? सिस्टर किती होत्या? रुग्णालय तेच, पण मंगळवारचं रुग्णालय आणि शुक्रवारचं रुग्णालय एक नसतं, हे इंटर्नशिप केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

३ जुलै

नमुन्याचा आकार. `n = 4pq/L²`. इंजेक्शन वेळेवर मिळण्याचं प्रमाण माहीत नाही म्हणून p ५० टक्के धरला, चूक ७ टक्क्यांपर्यंत चालेल. ४ × ५० × ५० भागिले ४९, म्हणजे २०४. फॉलोअपमध्ये १५ टक्के सुटतील असं धरून २४०.

स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी एक बजावलं ते इथेच लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. हा आकडा प्रक्रिया मोजायला पुरेसा आहे, निष्पत्तीसाठी नाही. समजा वेळेवर इंजेक्शन मिळालेल्यांत ६ टक्के टाके पिकतात आणि न मिळालेल्यांत १२ टक्के. एवढा दुपटीचा फरकही खात्रीने दाखवायचा तर प्रत्येक गटात साधारण ३५६ बायका लागतील. तेवढ्या माझ्या मुदतीत होणं शक्य नाही. म्हणून सिनॉप्सिसमध्ये मुख्य उद्दिष्ट प्रक्रियेचं लिहिलं आणि निष्पत्ती दुय्यम.

२२ जुलै

एथिक्सची बैठक. पहिलाच प्रश्न : "तुम्ही थिएटरमध्ये उभ्या आहात, इंजेक्शन राहिलंय हे तुम्हाला दिसतंय, सर्जनने ब्लेड हातात घेतलंय. तुम्ही काय करणार?" मी सांगितलं की बोलणार. मग नोंद कशी करणार? उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. शेवटी असं ठरलं : मी आठवण करून द्यायची, पण नोंद 'आठवणीशिवाय दिलं नाही' अशीच करायची आणि ते इंजेक्शन 'वेळेवर' मध्ये धरायचं नाही. अशा बायका निष्पत्तीच्या तक्त्यात वेगळ्या खुणेने दाखवायच्या.

९ ऑगस्ट

पायलटचा पहिला दिवस घड्याळात गेला.

वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ थिएटरच्या घड्याळापेक्षा सात मिनिटं पुढे आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या मॉनिटरवर तिसरीच वेळ. इनचार्ज सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर, ते मुद्दाम पुढे ठेवलंय, पोरी वेळेवर याव्यात म्हणून." इंजेक्शनची वेळ वॉर्डाच्या घड्याळावरून आणि चिऱ्याची वेळ थिएटरच्या घड्याळावरून घेतली, तर प्रत्येक बाईचं अंतर सात मिनिटांनी कमी भरणार. यापुढे दोन्ही वेळा माझ्या मनगटावरच्या घड्याळाने.

दुसरं, 'वेळेवर : हो/नाही' हा रकाना काढून टाकला आणि मिनिटं लिहायला लागले. आमच्या प्रोटोकॉलमध्ये आणि सेफ्टी चेकलिस्टवर ६० मिनिटांच्या आत असं आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात चिऱ्याआधी १२० मिनिटांपर्यंत चालतं. मिनिटं हातात असली की दोन्ही मापं लावता येतात, 'नाही' वरून मागे जाता येत नाही.

एक्सेलमध्ये नुसत्या वेळेतून वेळ वजा केली आणि चिरा आधी, इंजेक्शन नंतर असं झालं, तर सेलमध्ये `####` येतं. मधे रात्रीचे बारा ओलांडले तर इंजेक्शन आधी असूनही तेच येतं. म्हणून दोन्ही रकान्यांत तारखेसकट वेळ भरायची आणि

```
=(C2-B2)*1440
```

B मध्ये इंजेक्शन, C मध्ये चिरा, उत्तराचा सेल 'नंबर' म्हणून ठेवायचा. उणे आकडा आला तर इंजेक्शन चिऱ्यानंतर दिलंय.

१६ ऑगस्ट

पायलटच्या वीस बायका पूर्ण. १२ ठरवून केलेल्या, ८ तातडीच्या.

केसपेपरवरून पाहिलं तर वीसपैकी अठरा जणींना इंजेक्शन ६० मिनिटांच्या आत मिळालं. मी समोर उभं राहून पाहिलं त्यानुसार अकराच. सात जणींच्या बाबतीत कागद एक सांगतो आणि डोळे दुसरं. उरलेल्या तेरा जणींपुरतं दोघांचं जुळतं, म्हणजे सहमती ६५ टक्के. ऐकायला बरं वाटतं, पण कागदावर जवळजवळ सगळीकडे 'हो'च असल्यामुळे त्यातली बरीच सहमती आपोआप होणारी आहे. ती आपोआपची सहमती वगळून मोजणारा 'कप्पा' हा आकडा काढला तर ०.२४.

कुणी मुद्दाम खोटं लिहितं असं मला वाटत नाही. भूल दिल्याचा तक्ता ऑपरेशन संपत आल्यावर भरला जातो, आठवणीने. त्याची एक खूण आहे : वीस तक्त्यांतल्या सगळ्या वेळा शून्यावर किंवा पाचावर संपतात. इंजेक्शन १०.१५, चिरा १०.३०. माझ्या वहीत १०.१३, १०.४२, ११.०६ असे आकडे आहेत. जुन्या केसपेपरांवरून 'प्रक्रिया' मोजणाऱ्याने आधी मिनिटांचा शेवटचा अंक पाहावा. दहाही अंक थोडेफार दिसायला हवेत. नुसते शून्य आणि पाच दिसले, तर तुम्ही काळजीचा दर्जा नाही, लिहिण्याची सवय मोजताय.

मी उभी असल्यामुळे लोक सावध होतात, हेही खरंच. पहिले चार-पाच दिवस चेकलिस्ट इतक्या खणखणीत आवाजात वाचली जायची की बाहेर मामांना ऐकू जावी. दुसऱ्या आठवड्यात आवाज नेहमीवर आला. पायलटचे वीस मुख्य अभ्यासात धरणार नाही, त्यामागे हेही एक कारण.

२ सप्टेंबर

आज एका बाईच्या मागे सकाळपासून होते, कारण पायलटमधलं एक कोडं सुटत नव्हतं. ठरवून केलेल्या बारांपैकी फक्त पाच जणींना वेळेवर मिळालं, आणि तातडीच्या आठांपैकी सहा जणींना. उलट असायला हवं होतं ना?

बाई दुसऱ्या खेपेची, आधीचं सिझर, यादीत पहिला नंबर. ८.२० ला वॉर्डात टेस्ट डोस. ८.५१ ला पूर्ण डोस, सलाईनच्या सुईतून. हिरवा गाऊन, बांगड्या पट्टीने बांधलेल्या. ९.०५ ला मामांनी ट्रॉलीवर घेतलं आणि थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये आणून लावलं. ९.१२ ला लेबर रूममधून फोन : बाळाचे ठोके उतरलेत. तातडीची केस आधी आत गेली. आज टेबल एकच चालू, दुसऱ्या टेबलाचा दिवा बंद आहे. ट्रॉलीवरची बाई मला म्हणाली, "ताई, मला परत नेतील का हो वॉर्डात? पाणीसुद्धा प्यायले नाहीये रात्रीपासून." १०.५८ ला तिचा चिरा. इंजेक्शन आणि चिरा यांत १२७ मिनिटं.

तातडीच्या बाईला इंजेक्शन लेबर रूममध्येच दिलं होतं, चौदा मिनिटं आधी.

म्हणजे घोटाळा सिस्टरांच्या कामात नाही. वॉर्डाच्या सिस्टरांनी ऑर्डर पाळली, वेळेत पाळली. ऑर्डरच अशी आहे की इंजेक्शन वॉर्डात द्या, कारण औषध वॉर्डाच्या इंडेंटवर, म्हणजे स्टोअरला दिलेल्या मागणीवर येतं, थिएटरच्या नाही. ते वॉर्डात देण्याचा निर्णय आणि एकच टेबल या दोन गोष्टी एकत्र आल्या की मधला वेळ कुणाच्याच हातात राहत नाही. प्रक्रियेतली चूक म्हणून जी माझ्या तक्त्यात लाल झाली, तिचं मूळ स्टोअरच्या वहीत आहे. चौकटीतला पहिला बाण, रचनेकडून प्रक्रियेकडे जाणारा, आज मला ट्रॉलीच्या रूपात दिसला.

२० ऑक्टोबर

निष्पत्तीचा रकाना भरणं म्हणजे फोन लावणं.

सिझरनंतर टाका पिकलाय का हे तीस दिवसांपर्यंत पाहायचं असतं. आमच्याकडे बाई पाच-सहा दिवसांत घरी जाते, बरेचसे टाके त्यानंतर पिकतात. वॉर्डातलाच आकडा घेतला तर तो फार सुंदर येतो. बाईला जितकं लवकर घरी पाठवाल, तितका तो आणखी सुंदर.

पण घरी म्हणजे कुठे? केसपेपरवर पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा. बाळंतीण असते माहेरी. नवरा म्हणतो, "बरी आहे ती, काही त्रास नाही." नवऱ्याला टाक्याचं काय माहीत? पहिल्या महिन्यात असे 'बरी आहे' मी निकोप म्हणून भरले होते, ते सगळे आता 'माहिती नाही' केले. नवीन नियम : दाखल होतानाच माहेरचं गाव, आईचा किंवा भावाचा नंबर, तिथल्या आशाताईंचं नाव विचारायचं. नवजात बाळासाठी आशाताईंच्या गृहभेटी चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी होतातच. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीनंतर त्यांना फोन केला तर उत्तर पक्कं मिळतं.

प्रश्नही बदलले. "टाका पिकला का?" याला सगळ्या "नाही" म्हणतात. "टाक्यातून काही आलं का, ओढणीला डाग पडला का, परत ड्रेसिंगला जावं लागलं का, कुणी टाका उघडला का?" असं विचारलं की बोलतात. नुसतं पातळ पाणी आलं म्हणून मी संसर्ग धरत नाही. पू, किंवा डॉक्टरांनी उघडलेली जखम, किंवा डॉक्टरांचं तसं निदान, यांपैकी एक हवं. ड्रेसिंगचा कागद असेल तर वाचून दाखवायला सांगते.

१४ डिसेंबर

तीस दिवस पूर्ण झालेल्या १०६. त्यांतल्या ९० जणींपर्यंत पोहोचले, १६ सुटल्या. सरांनी मधला हिशोब करायला सांगितला होता, तो केला आणि अर्धा तास नुसती बसून राहिले.

वेळेवर इंजेक्शन मिळालेल्या ५३, त्यांत टाका पिकला पाच जणींचा, ९.४ टक्के. वेळेवर न मिळालेल्या ३७, त्यांत तीन, ८.१ टक्के. म्हणजे प्रोटोकॉल पाळला तर टाके जास्त पिकतात!

मग चौथा रकाना उघडला. तातडीच्या ४० जणींपैकी ३१ जणींना वेळेवर मिळालं होतं, त्यांतल्या पाच पिकल्या, १६ टक्के. न मिळालेल्या नऊ, त्यांतल्या दोन, २२ टक्के. ठरवून केलेल्या ५० जणींत वेळेवर मिळालेल्या २२, पिकला एकही नाही. न मिळालेल्या २८, एक. दोन्ही गटांत वेगवेगळं पाहिलं तर वेळेवर मिळालेल्यांचंच बरं आहे. एकत्र केलं की उलटं दिसतं. कारण आमच्याकडे वेळेवर इंजेक्शन मुख्यतः तातडीच्या बायकांना मिळतं, आणि त्यांचं पाणी आधीच गेलेलं, कळा तासन्‌तास दिलेल्या, तपासण्या झालेल्या. त्यांचा धोका मुळातच जास्त.

एकूण आठच टाके पिकलेत, एक इकडचा तिकडे गेला तरी टक्केवारी हलेल. या आकड्यांवरून काही सिद्ध झालं असं मी लिहिणार नाही. पण प्रक्रियेचा आणि निष्पत्तीचा तक्ता गट न पाडता शेजारी ठेवला असता, तर मी सरळसरळ खोटं छापलं असतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

पहिला बाण मात्र यापेक्षा ठळक आहे. ठरवून केलेल्या ५० जणींत, दोन्ही टेबलं चालू असलेल्या दिवसांच्या २० होत्या, त्यांतल्या १४ जणींना वेळेवर. एकच टेबल चालू असलेल्या दिवसांच्या ३०, त्यांतल्या आठ जणींना. रचना रोज मोजली म्हणून हे दिसलं. माप १२० मिनिटांचं लावलं तर वेळेवर न मिळालेल्या २८ पैकी १७ 'वेळेवर' मध्ये येतात, पण कल तोच राहतो. दोन्ही तक्ते छापणार.

२० डिसेंबर

मॅडमना दाखवलं. निष्पत्तीचं प्रकरण लहान करायला सांगितलं, 'संबंध आढळला' हा शब्दप्रयोग तीन ठिकाणी खोडला. मग म्हणाल्या, "ट्रॉलीचं स्त्रीरोगवाल्यांना सांगितलंस का?" मी म्हटलं, थिसिस संपल्यावर. "तोवर ट्रॉलीवरच्या बायकांनी थांबायचं?"

८ जानेवारी

स्त्रीरोग विभागाच्या बैठकीत दहा मिनिटं मिळाली. कुणाचं नाव न घेता नुसती ट्रॉलीची कालरेषा फळ्यावर काढली. प्रमुखांनी विचारलं, "मग ते थिएटरमध्येच का देत नाही आपण?" भूलतज्ज्ञ म्हणाले, आम्ही देऊ, पण औषध आमच्या ट्रेमध्ये हवं. पाच मिनिटांत ठरलं : १५ तारखेपासून टेस्ट डोस वॉर्डात, पूर्ण डोस टेबलावर.

मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. माझा अभ्यास निरीक्षणाचा आहे आणि मध्येच रचना बदलली. सरांचा सल्ला : तारखेनुसार 'टप्पा' असा रकाना घाल, दोन्ही टप्पे कधीही एकत्र मोजू नकोस, आणि बदलानंतरच्या सुधारणेचं श्रेय घेऊ नकोस, कारण तुलनेला दुसरं रुग्णालय नाही.

१५ जानेवारी

नव्या पद्धतीचा पहिला दिवस. पहिली केस ९.३० ला टेबलावर. भूलतज्ज्ञांनी हात पुढे केला, सिस्टरांनी ट्रे उघडला. ट्रे रिकामा. थिएटरच्या इंडेंटमध्ये सेफाझोलिन लिहायचंच राहिलं होतं, स्टोअर दहाला उघडतं. मामा वॉर्डात धावले, दोन व्हायल घेऊन आले. इंजेक्शन ९.४७, चिरा ९.५३. सहा मिनिटं.

रोजच्या तक्त्यात 'ट्रेमध्ये औषध' समोर 'नाही' लिहिलं. प्रक्रियेच्या रकान्यात 'वेळेवर'. मामांची धाव कुठल्या रकान्यात टाकायची हे मॅडमना विचारायचंय.